बीसीडी अॅडर नऊपर्यंत बरोबर, पुढे चुकतो: सहा मिळवण्याच्या टप्प्यातला दोष कसा शोधावा

दोन चार-बिटी अॅडर, मध्ये दोन-तीन गेट, आणि बेरीज नऊच्या पुढे गेली की सहा मिळवायचे. कागदावर हे सर्किट दहा मिनिटांचं आहे. ब्रेडबोर्डवर मात्र ते पहिल्या झटक्यात चाललेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. माझ्यासमोर आलेल्या बोर्डांत दोष बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडला. पण माणसं चिडून सगळ्या वायरी उपटतात आणि पुन्हा तीच चूक जोडतात. तसं करू नका. हे सर्किट चुकीचं उत्तर देतं तेव्हा कोणती तार बिघडली आहे तेही त्या उत्तरातच सांगतं.

आधी लक्षणं

वायरींना हात लावण्याआधी या सहा बेरजा करा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा: ०+०, २+३, ४+५, ५+५, ६+६, ८+८. मग खालीलपैकी काय जुळतं ते पाहा.

- ०+० ला शून्य येत नाही; १, २, ८ किंवा ९ येतो.
- नऊपर्यंत सगळं ठीक, पण पुढे सेव्हन सेगमेंटवर अंकाऐवजी विचित्र आकृत्या दिसतात, १५ ला डिस्प्ले कोराच राहतो.
- १० ते १५ बरोबर येतात, १६ पासून पुढे चुकतं.
- ५, ६, ७ चुकतात, ८ आणि ९ बरोबर येतात, १०, ११, १२ पुन्हा चुकतात.
- एकेक अंक बरोबर, पण दोन अंकी बेरजेत उत्तर बरोबर दहाने कमी येतं.
- बेरीज दहा ते पंधरा असताना डिस्प्लेवर दोन अंक एकावर एक छापल्यासारखे पुसट दिसतात.

विचित्र आकृत्यांबद्दल एक गोष्ट. 7447 या डिकोडरला दहा ते चौदा असा आकडा दिला तर तो ठरावीक अर्धवट आकृत्या काढतो, आणि पंधराला सगळे सेगमेंट विझवतो. त्यामुळे डिस्प्ले बिघडला असं समजून तो बदलू नका. तो प्रामाणिकपणे सांगतोय की त्याच्याकडे नऊपेक्षा मोठा आकडा आला आहे, म्हणजे बेरीज नऊच्या पुढची असताना सहा मिळवलेच गेले नाहीत.

सहा का, हे एकदा डोळ्यांसमोर असू द्या

चार बिटांत सोळा आकडे मावतात आणि आपल्याला त्यातले दहाच हवेत. उरलेले सहा ओलांडून गेलं की चार बिटांचा अॅडर दहालाच हातचा देऊ लागतो. ७+५ घ्या. पहिला अॅडर ११०० देतो, म्हणजे बारा. त्यात ०११० मिळवले की १००१० होतात: खालच्या चार बिटांत ००१०, म्हणजे दोन, आणि वर हातचा एक.

सहा कधी मिळवायचे हे ठरवणारं समीकरण असं आहे:

```
C = K + Z8·Z4 + Z8·Z2
```

`K` म्हणजे पहिल्या अॅडरचा कॅरी. `Z8`, `Z4`, `Z2` म्हणजे पहिल्या अॅडरच्या बेरजेतल्या स्थानिक किंमत ८, ४ आणि २ च्या तारा. मी बिटांना शून्य ते तीन किंवा एक ते चार असे क्रमांक न देता मुद्दाम स्थानिक किमतीची नावं देतो. कारण पुढे येईलच.

या समीकरणातलं प्रत्येक पद वेगळा पट्टा सांभाळतं. १० आणि ११ फक्त `Z8·Z2` मुळे पकडले जातात. १२ आणि १३ फक्त `Z8·Z4` मुळे. १४ आणि १५ ला दोन्ही पदं लागू होतात. १६ ते १९ ला मात्र खालच्या चार बिटांत नुसते ० ते ३ उरतात, म्हणून तिथे फक्त `K` कामी येतो. आता वरच्या सहा बेरजांत ५+५, ६+६ आणि ८+८ का घेतल्या ते कळेल: प्रत्येक बेरीज एकाच पदाची परीक्षा घेते. ५+५ चुकली आणि ६+६ बरोबर आली, तर `Z8·Z2` च्या अँड गेटकडे जा. बाकी कुठेही शोधू नका.

पहिली तपासणी: वीज कुठल्या पिनवर आहे

यासाठी फक्त मल्टिमीटर लागतो, पण हीच तपासणी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. सोळा पिनांच्या चिपला ८ वर ग्राउंड आणि १६ वर पाच व्होल्ट, अशी हाताला सवय झालेली असते. 74LS83 मध्ये तसं नाही. तिथे पाच व्होल्ट ५ नंबरच्या पिनवर आणि ग्राउंड १२ नंबरच्या पिनवर येतं. 74LS283 हेच काम करते, पण तिची वीज नेहमीप्रमाणे १६ आणि ८ वर असते, आणि बाकीच्या पिनांची मांडणीही वेगळी आहे. एकीचा आराखडा आणि दुसरीची चिप, अशी जोडी मी कितीतरी वेळा पाहिली आहे. 74LS83 ची १६ नंबरची पिन `B4` आहे आणि ८ नंबरची `A2`. तिथे वीज जोडली तर खऱ्या वीजपिना मोकळ्या राहतात आणि आउटपुटवर दिसणाऱ्या कशालाच अर्थ उरत नाही.

मल्टिमीटरची टोकं ब्रेडबोर्डच्या पट्टीवर ठेवू नका, थेट चिपच्या पायांवर ठेवा. काही लांब ब्रेडबोर्डांत वीजपट्टी मध्यावर तुटलेली असते, आणि अर्ध्या चिपांना वीज मिळतच नाही. पायांवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले तर पुढे चला.

दुसरी तपासणी: मोकळ्या सोडलेल्या पिना

०+० ला शून्य येत नसेल तर इथेच थांबा, दोष इथे आहे. एलएस चिपची मोकळी इनपुट पिन साधारणपणे एक धरली जाते. पहिल्या अॅडरचा `C0` मोकळा राहिला तर प्रत्येक बेरजेत एक जास्त. दुसऱ्याचाही राहिला तर दोन जास्त.

दुसऱ्या अॅडरच्या `B` बाजूला आपण ०११० किंवा ०००० देतो. मधल्या दोन पिनांना `C` जोडलेला असतो म्हणून त्यांची आठवण राहते. टोकाच्या दोन, `B1` आणि `B4`, यांना कायम शून्यच द्यायचं असतं आणि म्हणून त्या विसरल्या जातात. `B1` मोकळी असेल तर ०+० ला १ येतो, `B4` मोकळी असेल तर ८, आणि दोन्ही मोकळ्या असतील तर ९. नऊ दिसला की मला वायरी पाहाव्याही लागत नाहीत, मी सरळ त्या दोन पिनांवर बोट ठेवतो.

उत्तर १ आलं तर मात्र तीन जागांचा संशय येतो. पहिल्या अॅडरची आउटपुटं मोजा. तिथेच १ असेल तर दोष पहिल्या `C0` चा, तिथे ० असेल तर दुसऱ्या अॅडरच्या `C0` किंवा `B1` चा.

तुमच्या चिपा एचसी जातीच्या असतील तर मोकळी पिन एकही धरली जात नाही आणि शून्यही नाही, ती भरकटते. वायरीजवळ हात नेला की उत्तर बदलतं, हीच त्याची खूण.

तिसरी तपासणी: बिटांची नावं

हा दोष सगळ्यात फसवा आहे, कारण यात सर्किट अर्धवट बरोबर चालतं. परवाचाच बोर्ड सांगतो. २+२ ला चार आले. २+३ ला दहाचा एलईडी पेटला आणि एककाच्या डिस्प्लेवर खालच्या अर्ध्यात उलटा कंस दिसला. जोडणाऱ्याने सगळ्या तारा वहीतल्या समीकरणाशी चार वेळा ताडून पाहिल्या होत्या, आणि वही बरोबरच होती.

घोळ असा होता. वहीत बेरजेचे बिट `S3 S2 S1 S0` असे लिहिले होते आणि समीकरण होतं `S3·S2 + S3·S1`. चिपच्या आराखड्यात मात्र तेच बिट `S4 S3 S2 S1` आहेत. नावं जुळवून तारा लावल्या की सगळं एका जागेने खाली सरकतं. गेट आठाच्या ऐवजी चाराची तार पाहू लागतं.

२+३ घेऊन बघा. पहिला अॅडर ०१०१ देतो. चिपच्या नावांनुसार `S3` म्हणजे चाराची तार, ती १ आहे. `S1` म्हणजे एकाची तार, तीही १. म्हणून `C` चालू होतो आणि पाचात सहा मिळून १०११ होतात, अकरा. 7447 ला अकरा दिले की तो तोच उलटा कंस काढतो. ६ आणि ७ चं असंच होतं. ८ आणि ९ मध्ये चाराची तार शून्य, म्हणून ते सुटतात. १०, ११ मध्येही ती शून्य आहे, आणि १२ मध्ये ती एक असली तरी तिच्या खालचे दोन्ही बिट शून्य आहेत, म्हणून तिथे सहा मिळायला हवेत तेव्हा मिळत नाहीत. १३ पासून पुन्हा सगळं बरोबर. हा चट्टेरी नमुना, म्हणजे चारपर्यंत ठीक, पाच ते सात चूक, आठ-नऊ ठीक, दहा ते बारा चूक, पुढे ठीक, एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

उपाय सोपा. कागदाचे छोटे तुकडे घ्या, त्यांवर ८, ४, २, १ लिहा आणि तारांना चिकटवा. आराखड्यातही क्रमांक खोडून स्थानिक किंमत लिहा.

चौथी तपासणी: हातचा कुठून घेतला

पुढच्या अंकाला जाणारा हातचा म्हणजे `C`. पहिल्या अॅडरचा कॅरी नाही, दुसऱ्याचाही नाही. इथे चूक झाली तर एका अंकाची बेरीज एककाच्या डिस्प्लेवर निर्दोष दिसते आणि दोन अंकी बेरजेत दहा कमी पडतात.

कोणती चूक झाली हे दोन बेरजांत कळतं. १७+२५ करा. एककात ७+५ म्हणजे ११००; पहिल्या अॅडरचा कॅरी शून्यच आहे. तुम्ही हातचा तिथून घेतला असेल तर ४२ ऐवजी ३२ येईल. आता १८+२८ करा. ८+८ ला पहिला अॅडर कॅरी देऊन ०००० ठेवतो, आणि त्यात सहा मिळवताना दुसऱ्या अॅडरला कॅरी येतच नाही. हातचा दुसऱ्याकडून घेतला असेल तर ४६ ऐवजी ३६ येईल. म्हणजे पहिला अॅडर १६ पासून पुढचं सांभाळतो, दुसरा १० ते १५ सांभाळतो, पूर्ण चित्र कोणा एकाकडे नाही. ते फक्त `C` कडे आहे. दुसऱ्या अॅडरचा कॅरी सोडून द्यायचा असतो, ती पिन आउटपुट असल्यामुळे मोकळी राहिली तरी चालते.

दुरुस्ती झाल्यावर ५८+६७ ने खात्री करा. एककात ८+७ चे ११११, त्यात ०११० मिळून खाली ५ आणि हातचा १. दशकात ५+६+१ चे ११००, त्यात ०११० मिळून खाली २ आणि हातचा १. उत्तर १२५. या एका बेरजेत दोन्ही अंकांना सहा मिळतात, म्हणून ती मला आवडते.

`K` ची तार ऑर गेटपर्यंत पोहोचलीच नसेल तर ८+८ ला एककात शून्य दिसतो आणि हातचाही येत नाही. हे लक्षण "१६ पासून चुकतं" या गटातलं. तार लावली की संपलं.

पाचवी तपासणी: `C` वर टांगलेला एलईडी

`C` चालू झाला की नाही हे दिसावं म्हणून बरेच जण त्या तारेवर सरळ एलईडी लावतात, रेझिस्टरशिवाय. लाल एलईडी त्या तारेचा व्होल्टेज दोन व्होल्टच्या आसपास दाबून धरतो. एलएस चिपला एक ओळखायला किमान २.० व्होल्ट लागतात. त्यामुळे एलईडी छान पेटलेला असतो आणि दुसऱ्या अॅडरला मात्र सहा मिळतात किंवा मिळत नाहीत, दोन्ही शक्य. मिळाले तर कधी फक्त दोन किंवा फक्त चार मिळतात, कारण `B2` आणि `B3` दोघांची ओळखायची सीमा नेमकी सारखी नसते.

एलईडी काढा आणि तीच बेरीज पुन्हा करा. उत्तर सुधारलं तर कारण सापडलं. एलईडी हवाच असेल तर तारेतून एक वेगळं गेट काढून त्याच्या आउटपुटवर रेझिस्टरसह लावा.

सहावी तपासणी: गेटच्या इनपुट तारा कुठून आल्या

पुसट, एकावर एक छापलेले अंक दिसत असतील तर ही. `Z8`, `Z4`, `Z2` पहिल्या अॅडरकडून यायला हव्यात. त्या चुकून दुसऱ्या अॅडरच्या आउटपुटवरून घेतल्या तर सर्किट स्वतःचीच शेपटी धरून फिरतं. बारा आले, `C` चालू झाला, सहा मिळून दोन झाले. दोन नऊच्या आत, म्हणून `C` बंद झाला. पुन्हा बारा. हे इतक्या वेगाने चालतं की डोळ्याला दोन्ही आकृत्या एकत्र दिसतात आणि मल्टिमीटरवर ना शून्य ना एक असा मधलाच व्होल्टेज मिळतो. १६ ते १९ मध्ये `K` चालू असल्याने ते स्थिर राहतात, आणि तेवढ्यावरून दोष नक्की होतो.

सर्किट व्हेरिलॉगमध्ये असेल तर

तिथे वायरी नसल्या तरी दोष तोच असतो, बहुतेक वेळा हरवलेला `K`. बेरीज चार बिटांच्या तारेत साठवली की १६ चे शून्य होतात, आणि शून्य नऊपेक्षा मोठा नाही. बेरजेला पाच बिट द्या:

```verilog
wire [4:0] z = a + b + cin;
wire [4:0] f = z + 5'd6;
assign cout = (z > 5'd9);
assign s    = cout ? f[3:0] : z[3:0];
```

एका अंकासाठी सगळ्या शक्यता फक्त २०० आहेत: दहा गुणिले दहा गुणिले हातच्याच्या दोन. निवडक बेरजांवर समाधान मानण्याचं इथे कारण नाही, सगळ्याच तपासा:

```verilog
for (i = 0; i < 10; i = i + 1)
  for (j = 0; j < 10; j = j + 1)
    for (k = 0; k < 2; k = k + 1) begin
      a = i; b = j; cin = k; #10;
      if (cout*10 + s !== i + j + k)
        $display("%0d+%0d+%0d: %b %b", i, j, k, cout, s);
    end
```

लूप दहाच्या आतच ठेवा. इनपुटला १०१० ते ११११ दिले तर हा अॅडर काहीही देऊ शकतो आणि तो त्याचा दोष नाही. एका दुरुस्तीत तो जास्तीत जास्त ९+९+१, म्हणजे १९ पर्यंतच सावरू शकतो. ब्रेडबोर्डवरही स्विच चुकून दहाच्या पुढे लावले नाहीत ना, हे पाहून घ्या.

चिप बदलायची कधी

अगदी शेवटी. वरचं सगळं झाल्यावर संशयित अॅडर बाजूला काढा, तिला एकटीला वीज द्या, इनपुट थेट पाच व्होल्ट किंवा ग्राउंडला बांधा आणि आउटपुट मोजा. बांधलेल्या इनपुटला बेरीज चुकली तरच चिप गेली असं म्हणा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चिपवर बोट ठेवता येत नाही इतकी ती तापली असेल तर लगेच वीज काढा. वीज उलटी लागली होती किंवा आउटपुट सरळ पाच व्होल्टला चिकटलं होतं, असा त्याचा अर्थ असतो; तीच जोडणी पुन्हा चालू करून पाहू नका, लॅबमध्ये असाल तर तिथल्या शिक्षकांना आधी दाखवा.

पाच व्होल्टचा पुरवठाच डळमळत असेल आणि तो घरगुती विजेवर चालणारा असेल, तर त्याचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही घातक व्होल्टेज राहू शकतो. दुसरा पुरवठा लावा, जुना पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

हा अॅडर एखाद्या चालू यंत्राचा भाग असेल, म्हणजे वजनकाटा, मीटर किंवा पैसे मोजणारं काही, तर ब्रेडबोर्डवरचे प्रयोग त्याच्यावर करू नका. ते त्याच्या तंत्रज्ञाचं काम आहे.

आणि स्विचवर सगळ्या २०० बेरजा बरोबर येतात पण क्लॉकचा वेग वाढवला की चुकतं, असं असेल तर तर्क बरोबर आहे, वेळ अपुरा पडतोय. प्रत्येक अंकात पहिला अॅडर, मग गेट, मग पुढच्या अंकाचा हातचा अशी रांग लागते, आणि अंक जितके जास्त तितकी ती लांबते. हे मल्टिमीटरने दिसत नाही. ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक अॅनालायझर असलेला, वेळेचे हिशेब करणारा हार्डवेअर इंजिनियर गाठा, आणि सुरुवातीला लिहिलेल्या त्या सहा बेरजांचा कागद सोबत न्या.